मॅट्रिक्स घ्यायची की लिस्ट? ग्राफ साठवायच्या आधी पाच मिनिटांचा हिशोब

सेकंड इयरला असताना मी एका ऑनलाइन जजवर ग्राफचा पहिला प्रॉब्लेम सोडवायला घेतला. २०,००० नोड होते, आणि तोवर एकच पद्धत येत होती म्हणून सरळ वर ग्लोबल `int a[20000][20000];` ठोकून दिलं. लॅपटॉपवर सॅम्पल टेस्ट झटक्यात पास, सबमिट केलं तर मेमरी लिमिट एक्सीड. तासभर कोडमध्ये चूक शोधत बसलो आणि चूक तर त्या पहिल्याच ओळीत होती. २०,००० गुणिले २०,००० म्हणजे ४० कोटी रकाने, एकेक रकाना ४ बाइटचा, म्हणजे १.६ जीबी, आणि लिमिट होतं २५६ एमबी. मग लॅपटॉपवर चाललं कसं? तर ऑपरेटिंग सिस्टिम एवढ्या मोठ्या ग्लोबल अॅरेला जागा देते ती आधी नुसती कागदावर, खरी रॅम मिळते तुम्ही त्या जागेला हात लावाल तेव्हा. सॅम्पलमध्ये नोड होते ५, त्यामुळे हात लागला तो इवल्याशा कोपऱ्याला. म्हणून "माझ्याकडे तर चालतंय" याच्यावर या बाबतीत अजिबात विसंबू नका, हिशोब कागदावरच करायचा, तोही कोड लिहायच्या आधी.

आधी दोन्ही प्रकार डोळ्यांसमोर आणू. रस्त्यांच्या नकाशाच्या मागे किंवा कोपऱ्यात गावागावांतल्या अंतरांचा तक्ता असतो बघा, आडवी पण गावं आणि उभी पण तीच गावं, नाशिकची ओळ आणि सोलापूरचा कॉलम जिथे भेटतात तिथे अंतर. ही झाली अॅडजसन्सी मॅट्रिक्स. कुठलीही दोन गावं सांगा, थेट त्या रकान्यावर बोट. रस्ता दोन्हीकडून सारखाच म्हणून छापताना तो तक्ता अर्धाच, त्रिकोणी छापतात, पण कोडमध्ये आपण आळशीपणाने पूर्ण चौकोन ठेवतो कारण मग इंडेक्सची कसरत करावी लागत नाही.

अॅडजसन्सी लिस्ट म्हणजे वाण्याची उधारीची वही. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान आणि त्या पानावर फक्त त्याच्याच नोंदी. ज्याच्या दोन नोंदी त्याच्या दोन ओळी, ज्याच्या पन्नास त्याच्या पन्नास, "याने तेल नेलं नाही, साखर नेली नाही" असं कुणी लिहीत बसत नाही. मॅट्रिक्स मात्र नेमकं तेच करते, जे नाही तेसुद्धा शून्य म्हणून लिहून ठेवते. सगळा खर्चाचा फरक इथूनच येतो.

आता उदाहरण घेऊ. स्टॅनफर्डच्या स्नॅप या संग्रहात फेसबुकच्या मैत्रीचा एक छोटा ग्राफ आहे, फाइलचं नाव `facebook_combined.txt`, नावं वगैरे काढून नुसते नंबर ठेवलेत. प्रत्येक ओळीत दोन नंबर, म्हणजे या दोघांची मैत्री. फुकट मिळते, साइजने छोटी आहे, आणि खरी माणसं असल्यामुळे त्यात तो खरा वेडावाकडेपणा आहे जो पुस्तकातल्या ६ नोडच्या चित्रात कधीच दिसत नाही.

पहिली पायरी: n आणि m मोजा, सरासरी डिग्री काढा

n म्हणजे नोड, इथे ४,०३९. m म्हणजे एज, इथे ८८,२३४. मैत्री दोन्ही बाजूंनी असते, एक एज दोन माणसांच्या खात्यात मोजली जाते, म्हणून सरासरी डिग्री 2*m/n, म्हणजे १,७६,४६८ भागिले ४,०३९, साधारण ४४. एका माणसाला या ग्राफमध्ये सरासरी ४४ मित्र.

४४ हा आकडा नुसता बघून जास्त की कमी काहीच कळत नाही, त्याला n च्या शेजारी ठेवायचं. ४,०३८ जणांशी मैत्री होऊ शकली असती, झाली ४४ जणांशी, म्हणजे जेमतेम १ टक्का. अशा ग्राफला स्पार्स म्हणतात, आपल्या भाषेत विरळ. याउलट जिथे जवळपास प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं आहे तो डेन्स, दाट. पुस्तकं इथेच थांबतात, "स्पार्स असेल तर लिस्ट, डेन्स असेल तर मॅट्रिक्स", आणि नवीन माणसाला वाटतं की बरं, पण १० टक्के म्हणजे काय, विरळ की दाट? त्याचं उत्तर टक्क्यांत नाहीये, बाइटमध्ये आहे.

दुसरी पायरी: बाइट मोजा

लिस्टमध्ये प्रत्येक शेजाऱ्याचा नंबर लिहावा लागतो, `int` असेल तर ४ बाइट. १,७६,४६८ नोंदी गुणिले ४, म्हणजे सुमारे ०.७ एमबी. प्रत्येक पानाचा थोडा वरखर्च असतो तो पुढे बघू, इथे तो किरकोळ आहे.

मॅट्रिक्समध्ये रकाने n*n, म्हणजे १ कोटी ६३ लाख. आता एक रकाना केवढा हे तुम्ही ठरवता, आणि गंमत इथे आहे. `int` ठेवलात तर ६५ एमबी. पण आपल्याला फक्त मैत्री आहे की नाही एवढंच ठेवायचंय, त्याला `int` कशाला, `char` ठेवा, १६ एमबी. आणि त्यालाही आठ बिट कशाला, हो की नाही एवढं एका बिटमध्ये मावतं, सी++ मध्ये `bitset` वापरा, झाले २ एमबी. त्याच मॅट्रिक्सचे ६५ वरून २ एमबी, काहीही न गमावता.

म्हणून मी मित्रांना हे असं सांगतो. नुसतं हो-नाही ठेवायचं असेल आणि बिट वापरत असाल तर सरासरी डिग्री n/32 च्या वर गेली की मॅट्रिक्स लिस्टपेक्षा स्वस्त पडते, कारण लिस्टमधली एक नोंद ३२ बिट खाते आणि मॅट्रिक्समधला एक रकाना १ बिट. `char` वापरत असाल तर हीच सीमा n/4 वर जाते. आणि एजवर वजन असेल, म्हणजे अंतर किंवा तिकीट वगैरे, तर मॅट्रिक्सचा रकाना ४ बाइट, लिस्टची नोंद शेजारी अधिक वजन मिळून ८ बाइट, म्हणून सीमा n/2. मघाचं १० टक्के विरळ की दाट याचं उत्तर यातच आलं, बिटच्या हिशोबाने दाट, वजनाच्या हिशोबाने विरळ.

आपल्या फाइलसाठी n/32 म्हणजे १२६, आणि डिग्री ४४. म्हणजे जागेच्या दृष्टीने लिस्ट जिंकली. पण २ एमबी आणि ०.७ एमबी यात कुणाला फरक पडतो? दोन्ही कुठेही मावतात. जेव्हा दोन्ही मावतात तेव्हा जागा बाजूला ठेवायची आणि पुढचा प्रश्न विचारायचा.

तिसरी पायरी: तुमचा प्रोग्रॅम ग्राफला सारखं काय विचारणार आहे?

बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रश्न असतो. एक, "अमका आणि तमका जोडलेले आहेत का?" दोन, "अमक्याचे सगळे शेजारी दे."

पहिल्या प्रश्नाला मॅट्रिक्स एका झटक्यात उत्तर देते, एक रकाना बघायचा, O(1). लिस्टमध्ये त्याचं पान उघडून वाचत जावं लागतं. सरासरी ४४ नोंदी म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण सरासरीने फसू नका. या फाइलमध्ये १०७ नंबरच्या नोडचे मित्र आहेत १,०४५. "१०७ आणि ३,९०० मित्र आहेत का", आणि नसतील, तर नाही म्हणायला अख्ख्या १,०४५ नोंदी वाचाव्या लागतात, कारण शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय नाही म्हणता येत नाही. यावर दोन सोपे उपाय. एक, प्रत्येक लिस्ट एकदा सॉर्ट करून ठेवा आणि बायनरी सर्च करा, १,०४५ चं काम ११ तुलनांत होतं. दुसरा त्याहून सोपा, मैत्री दोन्हीकडून आहे ना, मग ज्याचं पान छोटं त्याच्याकडे विचारा. १०७ च्या १,०४५ ओळी वाचण्यापेक्षा समोरच्याच्या २० ओळी वाचा, उत्तर तेच.

दुसऱ्या प्रश्नाला पारडं उलटं फिरतं. लिस्टमध्ये शेजारी तयारच आहेत, जेवढे आहेत तेवढेच वाचायचे. मॅट्रिक्समध्ये ज्याचे ५ मित्र आहेत त्याच्यासाठीही अख्खी ४,०३९ रकान्यांची ओळ चाळावी लागते. एक बीएफएस घ्या. त्यात प्रत्येक नोडचे शेजारी एकेकदा मागितले जातात. लिस्टने एकूण काम n + 2*m, म्हणजे १ लाख ८० हजार. `char` मॅट्रिक्सने n*n, म्हणजे १ कोटी ६३ लाख. नव्वद पट, आणि यातलं ९९ टक्के काम शून्यं वाचण्याचं. बिटवाल्या मॅट्रिक्समध्ये एका फटक्यात ६४ रकाने तपासता येतात, त्यामुळे ती दरी बरीच मिटते, पण त्यासाठी कोड थोडा जपून लिहावा लागतो.

मग या फाइलसाठी मॅट्रिक्स कशाला ठेवायची? तर तिसराही एक प्रश्न असतो जो सोशल नेटवर्कमध्ये सतत येतो, दोघांचे कॉमन मित्र किती. बिट मॅट्रिक्समध्ये याला एक ओळ लागते:

```cpp
int c = (a[u] & a[v]).count();
```

४,०३९ बिटची एक ओळ म्हणजे ६४ बिटचे ६४ तुकडे. दोन ओळींचं `&` करायचं आणि उरलेले १ मोजायचे, म्हणजे ६४ वेळा तेच साधं काम, मग तो नोड १०७ असो की चार मित्रांचा कुणी शांत माणूस. सॉर्ट केलेल्या दोन लिस्ट एकत्र वाचत गेलात तर सरासरी माणसांना ४४ अधिक ४४ अशी ८८ पावलं, आणि मोठ्या नोडला हजाराच्या वर. आता सगळे त्रिकोण मोजायचे असतील, म्हणजे तिघे एकमेकांचे मित्र, तर प्रत्येक एजसाठी कॉमन मित्र मोजा, बेरीज करा, ३ ने भागा. ८८,२३४ गुणिले ६४, म्हणजे सुमारे ५६ लाख छोटी कामं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होतात. उत्तर १६,१२,०१० यायला हवं. नाही आलं तर पुढची पायरी वाचा.

चौथी पायरी: भरा आणि तपासा

```cpp
#include <bits/stdc++.h>
using namespace std;
const int N = 4039;
vector<int> g[N];
bitset<N> a[N];

int main() {
    ifstream f("facebook_combined.txt");
    int u, v;
    while (f >> u >> v) {
        g[u].push_back(v);
        g[v].push_back(u);
        a[u][v] = 1;
        a[v][u] = 1;
    }
    long long s = 0;
    for (int i = 0; i < N; i++) s += g[i].size();
    cout << s << " " << a[0].count() << "\n";
}
```

`176468 347` छापून आलं पाहिजे. पहिला आकडा 88234 आला तर समजा की एकाच बाजूने भरलंय, `g[v].push_back(u)` राहिलं. ही चूक फार लबाड आहे कारण प्रोग्रॅम कुठेही पडत नाही, बीएफएस पण चालतो, फक्त काही नोड "पोचता येत नाही" असे दाखवतो आणि आपल्याला वाटतं ग्राफच तुटका असेल.

दुसरी नेहमीची गडबड नंबरांची. या फाइलमध्ये नोड ० ते ४,०३८ आहेत. स्पर्धांच्या प्रॉब्लेममध्ये बहुतेक १ पासून n पर्यंत असतात, तिथे अॅरे n+1 चा घ्या, नाहीतर शेवटचा नोड अॅरेच्या बाहेर लिहिला जातो आणि सी++ याबद्दल चकार शब्द काढत नाही, भलत्याच व्हेरिएबलची किंमत बदललेली दिसते तेव्हा कळतं.

तिसरी, `a` आणि `g` मी `main` च्या बाहेर लिहिलेत ते उगाच नाही. `char a[4039][4039]` जर `main` च्या आत लिहिलंत आणि वापरलंत तर ते १६ एमबी स्टॅकवर जातात, आणि लिनक्सवर स्टॅक सहसा ८ एमबीचा असतो. मग `main` मधली सुरुवातीची `cout` सुद्धा न छापता सेगमेंटेशन फॉल्ट येतो आणि माणूस फाइल वाचण्याच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. एकही अक्षर न छापता प्रोग्रॅम मेला की पहिला संशय याच्यावर घ्या.

पायथनवाल्यांसाठी एक वेगळाच खड्डा आहे. `a = [[0]*n]*n` लिहिलं की n ओळी तयार झाल्यासारख्या दिसतात, पण ती एकच ओळ n वेळा दाखवलेली असते, एकीत १ लिहिला की सगळ्यांत दिसतो. `print(a[0] is a[1])` करून बघा, `True` आलं तर हाच घोळ. बरोबर असं:

```python
a = [bytearray(n) for _ in range(n)]
```

`bytearray` यासाठी की साध्या पायथन लिस्टमध्ये प्रत्येक रकाना ८ बाइटचा पॉइंटर असतो, आपल्या फाइलला १३० एमबी लागले असते, आता १६ मध्ये भागतं.

आता लिस्टचीसुद्धा उलटतपासणी करू, कारण "विरळ आहे ना, मग लिस्ट, विषय संपला" असंही नाही. रस्त्यांचे ग्राफ घ्या. शॉर्टेस्ट पाथच्या डिमॅक्स चॅलेंजमध्ये अख्ख्या अमेरिकेच्या रस्त्यांचा ग्राफ आहे, २,३९,४७,३४७ नोड आणि ५,८३,३३,३४४ बाण, इथे प्रत्येक रस्ता दोन्ही दिशांनी आधीच वेगळा मोजलेला. म्हणजे सरासरी डिग्री २.४. बरोबरच आहे, चौकात रस्ते मिळून मिळून किती मिळणार, तीन नाहीतर चार. मॅट्रिक्सचा विचारसुद्धा करायचा नाही, एकेक बिट ठेवला तरी ७१ टीबीच्या वर जाते.

पण `vector<vector<int>>` केलंत तर काय होतं बघा. ६४ बिटच्या मशीनवर रिकाम्या `vector` चं नुसतं डोकंच २४ बाइटचं. त्यात एखादा आकडा टाकला की `malloc` कडून वेगळा तुकडा येतो, तो लिनक्सवर कमीत कमी ३२ बाइटचा. म्हणजे एका चौकामागे ५६ बाइट, आणि त्यात खरी माहिती २.४ गुणिले ४, जेमतेम १० बाइट. सगळं मिळून १.३ जीबी, त्यातला बहुतेक वरखर्च. दोन ओळींच्या उधारीसाठी गिऱ्हाइकागणिक एकेक कोरी वही काढल्यासारखं झालं.

उपाय म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकाच लांबलचक वहीत सलग लिहायच्या आणि पुढे एक अनुक्रमणिका, की कोणाच्या नोंदी कितव्या ओळीपासून सुरू होतात. याला सीएसआर म्हणतात, दोनच अॅरे लागतात:

```cpp
for (int i = start[u]; i < start[u+1]; i++)
    visit(to[i]);
```

`start` ला ९६ एमबी, `to` ला २३३ एमबी, एकूण ३३० च्या आसपास, म्हणजे चौपट बचत, आणि शेजारी मेमरीत एकाला एक लागून असल्यामुळे वाचायलाही जलद. अडचण एकच, मध्येच नवीन रस्ता घालता येत नाही, पुढचं सगळं सरकवावं लागतं. म्हणून ग्राफ एकदा वाचला आणि मग बदलणार नाही अशा ठिकाणीच हे करा, रोज एज येत-जात असतील तर साधी `vector` ची लिस्टच ठेवा. मॅट्रिक्सचं याबाबतीत अर्धं बरं आहे, एज घालणं-काढणं म्हणजे एक रकाना बदलणं, पण नवीन नोड आला की नवी ओळ, नवा कॉलम, अख्खा तक्ता परत मांडा.

आणि दाट ग्राफ? तो नकाशामागचा तक्ताच घ्या. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची मुख्यालयं, प्रत्येकापासून प्रत्येकाचं अंतर, ६३० जोड्या, एकही रकाना रिकामा नाही. सरासरी डिग्री ३५, सीमा n/2 म्हणजे १८, सरळ मॅट्रिक्स, ३६ गुणिले ३६, १,२९६ रकाने. इथे लिस्ट केलीत तर प्रत्येक अंतरासोबत "हे कोणाचं" हा नंबरही लिहावा लागेल, जो मॅट्रिक्समध्ये कॉलमच्या जागेवरूनच कळतो, आणि वर शोधायलाही वेळ. अगदी तक्ता अर्धवट भरलेला असला, फक्त शेजारशेजारच्या जिल्ह्यांचीच अंतरं माहीत असली, तरी मी इथे मॅट्रिक्सच घेईन, कारण बाकीची अंतरं भरायला फ्लॉइड-वॉर्शल लावायचा आणि त्याला मॅट्रिक्सच लागते. ३६ चा घन ४६,६५६, तेवढ्या फेऱ्यांत रिकामे रकाने भरून निघतात. फक्त रिकाम्या रकान्यात ० ठेवू नका, ० म्हणजे गाव शेजारी आहे आणि अंतर शून्य असा अर्थ होतो आणि नाशिक ते गडचिरोली फुकटात पोचता. आणि `INT_MAX` पण नको, त्यात काही मिळवलं की आकडा उलटून ऋण होतो. १०० कोटी, म्हणजे `1e9` ठेवा, अशा दोन किमतींची बेरीज `int` मध्ये मावते.